फोटो गेला, आता वॉरंटीला क्रॅक कसा सांगायचा?

"आठ महिन्यांचा फोन. स्क्रीनवर खालून एक बारीक रेघ आली, पडलेला नाही. त्याच दिवशी फोटो काढून सर्व्हिसवाल्यांना पाठवला, पण चॅटला डिसअपिअरिंग चालू होतं, गॅलरीतलाही मीच डिलीट केला. आता रेघ वाढलीये आणि ते म्हणतात पहिल्या दिवशी कशी होती ते लिहून द्या. काय लिहू?"

वाचून अगदी माझाच फोन आठवला. बिल, आयएमईआय वगैरे तुम्ही दिलं असेलच, त्यात जात नाही. माझी चूक सांगतो.

माझ्या फोनच्या डिस्प्लेवर वरून खालपर्यंत हिरवी रेघ आली होती, काच शाबूत होती. काउंटरवरच्या पोराने टॅबवर फोटो काढले, फोन जमा करून घेतला, आणि तीन दिवसांनी फोन आला की फोटो अपलोडच झाले नाहीत, काय डॅमेज आहे ते मेलवर लिहा. तेव्हा मी बसमध्ये उभा. आठवेल तसं टाइप केलं, "रेघ आलीय, खालच्या कोपऱ्यात थोडं फुटलंय, बहुतेक कधीतरी पडला असेल." तो कोपऱ्यातला तडा स्क्रीन गार्डचा होता हो! काचेचा नव्हता. आणि पडला असेल हे मी उगाच भलेपणाने लिहिलं, मला काहीच माहीत नव्हतं. जॉबशीटवर आलं, "ग्राहकाच्या सांगण्यानुसार पडल्याने डिस्प्ले फुटला". माझं "बहुतेक" गायब. वॉरंटी नाकारली. फोन परत आल्यावर गार्ड सोलून दाखवला, खालची काच चकचकीत, तर म्हणे रिमार्क सिस्टीममध्ये गेलाय, आता बदलत नाही. तीन चकरा, दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण. शेवटी डिस्प्लेचे पैसे मी भरले.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या, मी काही टेक्निशियन नाही. कारण लिहू नका, दिसलं तेवढंच लिहा. ते लोक क्रॅक बघताना आधी मार लागल्याची जागा शोधतात. फोन आपटला की बहुतेक वेळा एका ठिकाणी काच चुरते, टवका उडतो आणि तिथून कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या फुटतात. कडेपासून निघालेली, फांदी नसलेली एकच रेघ असेल तर निदान बोलायला जागा असते. जागा असते म्हणतोय, मिळेलच असं नाही. फुटलेली काच वॉरंटीत बसत नाही असं बऱ्याच कंपन्यांच्या अटींत सरळ लिहिलेलं असतं.

तुमच्याबाबतीत दोन तारखा वेगळ्या ठेवा. पहिल्या दिवसाचं आठवतं तेवढंच, आणि आजचं मोजून. आज फोन हातात आहे तर नवा फोटो काढाच, शेजारी पट्टी ठेवून, टॉर्च आडवा धरून, नाहीतर बारीक रेघ फोटोत दिसतच नाही. मी असतो तर असं लिहिलं असतं (आकडे आपले उदाहरणादाखल):

"स्क्रीन माझ्याकडे, चार्जिंगची बाजू खाली. 3 तारखेला रेघ खालच्या कडेपासून निघून साधारण नखाएवढी होती, डाव्या कोपऱ्याजवळ. तेव्हा मोजली नव्हती. आज 12 तारखेला त्याच जागेपासून 41 मिमी, तिरकी वर उजवीकडे. फांद्या नाहीत, टवका नाही. गार्ड काढून पाहिलं, रेघ काचेलाच आहे, नख अडकतं. त्या जागी फ्रेम दबलेली नाही. टच सगळीकडे चालतो, काळा डाग नाही. फोन माझ्या हातून पडलेला नाही."

शेवटचं वाक्य खरं असेल तरच. घरात पोरं फोन घेत असतील तर "माझ्या माहितीत" घाला. बॉडीवर दुसरीकडे जुना पोचा असेल तर तोही आपणहून लिहा, पण वेगळ्या ओळीत, स्क्रीनपासून किती लांब ते सांगून. मी दोन गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या आणि त्यांनी त्यांची सोयरीक लावून टाकली. गार्ड काढताना मात्र खालची काच सुटी वाटली तर थांबा, गोंदाबरोबर तुकडे वर येतात. मग "गार्ड काढलेला नाही" एवढंच लिहा.

आणि हो, फोटो खरंच गेलाय का? गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो 60 दिवस राहतो, बॅकअप नसलेला 30. अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपने पाठवलेल्याची एक कॉपी कधीकधी फाइल मॅनेजरमध्ये `WhatsApp Images/Sent` मध्ये पडून असते. मला हे फोन विकताना सापडलं, तोवर माझं तर काम झालेलं.

हे सगळं मेलवरच पाठवा, आणि काउंटरवर गेलात तर जॉबशीटवर सही करायच्या आधी रिमार्कचा रकाना वाचा. तिथे "पडल्याने" दिसलं तर तिथल्या तिथे खोडायला लावा, मागे रांग कितीही ओरडू दे.