आकृती उमटली नसेल तर लॉरेन्झ वक्र तक्त्यावरून कसा काढायचा?

प्रश्न: मी कोल्हापुरात बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलंय. नोट्सच्या झेरॉक्समध्ये लॉरेन्झ वक्राची आकृतीच उमटलेली नाही, जागा कोरी आहे. खाली फक्त एक तक्ता आणि ‘आकृतीतील अ व ब क्षेत्रांवरून गिनी गुणांक काढा’ एवढंच आहे. आता हे कसं सोडवायचं?

उत्तर:

तक्ता हाताशी आहे ना, मग काही अडत नाही. लॉरेन्झने 1905 साली हा वक्र मांडला तोच मुळी आकड्यांवरून, आणि गिनीचा गुणांक 1912 सालचा. आकृती तक्त्यातून निघते, त्यामुळे ती तुम्हाला परत काढता येते.

आधी कोऱ्या जागेत काय असणार ते बघा. एक चौरस. आडव्या अक्षावर कुटुंबांची संचयी टक्केवारी, सगळ्यात गरीब कुटुंबापासून सुरू करून. उभ्या अक्षावर उत्पन्नाची किंवा जमिनीची संचयी टक्केवारी. डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्यात जाणारा कर्ण म्हणजे पूर्ण समानतेची रेषा, आणि तिच्याखाली पोट सुटल्यासारखा लोंबणारा वक्र. अडचण एकच, अ कुठलं आणि ब कुठलं. ते मजकुरातल्या सूत्रावरून कळतं. सूत्र ‘अ ÷ (अ + ब)’ असेल तर कर्ण आणि वक्र यांच्यामधलं क्षेत्र अ, आणि वक्राखालचं ब. काही पुस्तकांत अक्षरं उलटी असतात, म्हणून पाठ केलेल्या अक्षरांवर जाऊ नका, सूत्रात वर कोण आहे ते बघा. वर असतं ते नेहमी मधलं क्षेत्र.

आता एक उदाहरण पूर्ण करू. आकडे मी गणितासाठी धरलेत. करवीर तालुक्यातल्या एका गावात ऊस लावणारी पाच कुटुंबं आहेत आणि त्यांची जमीन 40, 10, 100, 20 आणि 30 गुंठे आहे. एकूण 200 गुंठे.

पहिलं काम चढता क्रम लावणं: 10, 20, 30, 40, 100. प्रत्येकाचा वाटा 5, 10, 15, 20 आणि 50 टक्के. हे वाटे बेरीज करत पुढे न्या: 5, 15, 30, 50, 100. झाले तुमचे बिंदू. 20 टक्के कुटुंबांकडे 5 टक्के जमीन, 40 टक्क्यांकडे 15, 60 टक्क्यांकडे 30, 80 टक्क्यांकडे 50.

ग्राफ पेपरवर 10 सेंटिमीटरचा चौरस घ्या, 1 सेंटिमीटर म्हणजे 10 टक्के. शून्यापासून सुरू करून (2, 0.5), (4, 1.5), (6, 3), (8, 5) आणि (10, 10) हे बिंदू सरळ रेषांनी जोडा. शून्याचा बिंदू बरेच जण विसरतात आणि पहिला तुकडाच गळतो.

क्षेत्रफळ मोजायला चौकटी मोजत बसू नका. दर दोन बिंदूंच्या खाली एक पट्टी तयार होते: रुंदी गुणिले दोन्ही बाजूंच्या उंचीची सरासरी. एकूण 1 धरलं तर प्रत्येक पट्टीची रुंदी 0.2, आणि सरासरी उंची 0.025, 0.10, 0.225, 0.40 आणि 0.75. त्यांची बेरीज 1.5, तिला 0.2 ने गुणलं की ब = 0.30. कर्णाखालचा त्रिकोण नेहमी 0.5, म्हणून अ = 0.20. गिनी = 0.20 ÷ 0.5 = 0.40. ग्राफ पेपरवर पडताळायचं तर त्रिकोण 50 चौरस सेंटिमीटर, अ 20 आणि ब 30 यायला हवं. अक्षांवर 0 ते 100 घेतलं असेल तर त्रिकोण 5000 चा होतो, तिथे 0.5 ने भागू नका.

बरोबर आलंय का हे वक्राच्या आकारावरूनच कळतं. पुढचा प्रत्येक तुकडा मागच्याइतका किंवा त्याहून जास्त उभा हवा. मध्येच एखादा तुकडा आडवा पडला तर क्रम चुकलाय. उतरता क्रम लावला तर वक्र कर्णाच्या वर जातो आणि याच आकड्यांत उत्तर उणे 0.40 येतं. तेव्हा उणे चिन्ह पुसून उत्तर लिहू नका, क्रम लावून परत करा. गट अर्धवट उलटसुलट लागले असतील तर उत्तर धनही येतं, फक्त खऱ्यापेक्षा कमी. तिथे आकारच चूक दाखवतो.

परीक्षेच्या तक्त्यात गट सारखे नसतील तर रुंदी वेगवेगळी धरा. कृषी गणनेत सीमांत, लहान, मध्यम असे धारणक्षेत्राचे गट असतात आणि प्रत्येकात खातेदारांची संख्या वेगळी असते. त्याला सरसकट 0.2 लावलं की सगळं बिघडतं. शिवाय गट जितके मोठे, तितकी आतली विषमता झाकली जाते. आपल्याच गावातली खालची चार कुटुंबं एकत्र करा: 80 टक्के कुटुंबांकडे 50 टक्के जमीन, एवढाच एक मधला बिंदू. आता ब = 0.20 + 0.15 = 0.35 आणि गिनी 0.30. जमीन तीच, माणसं तीच, गुणांक मात्र खाली. म्हणून गटांवरून काढलेला गिनी ही किमान पातळी समजा.

दुसरी गोष्ट, यादीत कोण आहे. ही पाच सगळी जमीनवाली आहेत. त्याच गावात पाच भूमिहीन कुटुंबं असतील आणि ती धरली, तर वक्र निम्म्यापर्यंत आडव्या अक्षालाच चिकटून जातो आणि गिनी 0.40 वरून 0.70 होतो. उत्तरात ‘जमीनधारकांमधील’ की ‘सर्व कुटुंबांमधील’ हे स्पष्ट लिहा.

आणि गुणांक आला म्हणून आकृती काढणं टाळू नका, कारण एकाच गुणांकाचे दोन वेगळे वक्र असू शकतात. दुसरं गाव घ्या, 200 गुंठेच, पण वाटणी 4, 8, 44, 72, 72. संचयी टक्के 2, 6, 28, 64, 100. करून बघा, गिनी इथेही 0.40 च येतो. पण पहिल्या गावात खालच्या 40 टक्क्यांकडे 15 टक्के जमीन होती, इथे फक्त 6. वरच्या एका कुटुंबाकडे तिथे 50 टक्के, इथे 36. हे दोन वक्र एकाच कागदावर काढले तर 60 आणि 80 टक्क्यांच्या मध्ये एकमेकांना छेदतात. वक्र छेदत असतील तर कुठलं गाव जास्त विषम हे निव्वळ गिनीवरून ठरवता येत नाही. तुलनेचा प्रश्न असेल तर गिनीसोबत खालच्या 40 आणि वरच्या 20 टक्क्यांचा वाटा लिहा. दोन्ही आकडे तुमच्या संचयी रकान्यात आधीच आहेत: पहिला 40 समोरचा, दुसरा 100 मधून 80 समोरचा वजा करून.