शेवभाजीचा डाग: आधी तेल, मग ऊन

ताई, पांढऱ्या सुती सदऱ्यावर शेवभाजीचा रस्सा सांडला की लगेच पाणी मारू नका. हळदीचा रंग तेलात मुरलेला असतो, म्हणून आधी तेल काढायचं. रस्सा फडक्याने नुसता टिपा, घासलात तर पसरेल. मग कोरड्या डागावर भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब बोटाने चोळा आणि दहा मिनिटांनी कापडाच्या उलट बाजूने गार पाण्याची धार सोडा.

आता कपड्यांचा साबण. तो लागताच डाग लालभडक होईल, नवी माणसं इथेच घाबरतात. साबणातल्या क्षाराने हळद लाल होते, खळबळून धुतलं की परत पिवळी. लाल झाली म्हणजे हळद अजून कापडात आहे, एवढं मात्र समजायचं.

उरलेलं काम उन्हाचं, आणि जळगावात त्याची काय कमी! सदरा ओलाच, डाग वर करून वाळत घाला. एप्रिलच्या कडक उन्हात पिवळेपणा बहुधा दुपारभरात उडतो, पावसाळ्यात दोन-तीन दिवस धरा. डाग पुरता जाईपर्यंत इस्त्री नको. रंगीत कपड्याला मात्र हा उपाय करू नका, त्याचाही रंग विटेल.

प्लास्टिकच्या डब्यालाही हेच: लिक्विडने तेलकटपणा काढा, उघडा डबा उन्हात ठेवा. तारेची घासणी नको, चरे पडले की हळद त्यात आणखी बसते. गरम भाजी भरून वर्षभर वापरलेला डबा फिका होईल, कोरा नाही. त्यात डाळी-साळी भरा.