खोक्यांचे पैसे आणि नानांची सही

«वकीलसाहेब, चोपड्याला माझं छोटं दुकान आहे. केळीच्या पॅकिंगला लागणारी पुठ्ठ्याची खोकी आणि फोम घाऊक आणून विकतो. आमच्याच भाऊबंदकीतल्या नानांना 2023 मध्ये तीन बिलांवर माल दिला: 18 फेब्रुवारीला 92,000, 6 मे रोजी 1,08,000 आणि 2 सप्टेंबरला 74,000. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांनी 40,000 फोनवरून टाकले, त्यानंतर दमडी नाही. फोन केला की "होऊन जाईल भो". मुलगा म्हणतो वकिलाची नोटीस ठोका. मंडळी म्हणते, उन्हाळ्यात पुतणीचं लग्न आहे, नानांशिवाय मांडव कसा उभा राहील? गोडीत लिहू की नोटीस काढू?»

भाऊ, तुमचं पत्र जानेवारी 2026 च्या पहिल्या आठवड्यात मिळालं, म्हणून आधी तारखांचं बोलतो. विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा तीन वर्षांत करावा लागतो. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर ही तीन वर्षं माल पोचल्या दिवसापासून मोजतात, आणि प्रत्येक बिलाची वेगळी. तुमच्या पहिल्या बिलाची मुदत 18 फेब्रुवारी 2026 ला संपते. दुसऱ्याची मे महिन्यात, तिसऱ्याची सप्टेंबरात. बिलावर «30 दिवसांत रक्कम द्यावी» असं छापलं असेल तर तो महिना तुमच्या बाजूने धरता येईल. पण त्या एका महिन्यावर वाद घालत बसण्यापेक्षा पोचल्याची तारीख धरून चाला.

मुलाला एक गोष्ट नीट समजावून सांगा. नोटीस काढल्याने ही मुदत वाढत नाही. अनेकांना वाटतं, नोटीस दिली की घड्याळ थांबतं. तुम्ही कितीही पत्रं लिहा, गोड लिहा की कडक, घड्याळ चालूच राहतं. ते नव्याने सुरू होतं ते समोरच्याच्या लिखाणाने. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने «इतके देणं आहे» असं लिहून सही केली, तर मुदत कायद्याच्या कलम 18 नुसार त्या सहीच्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं मिळतात. म्हणून आपलं पत्र कसं वाटेल याआधी, त्याला उत्तर म्हणून काय हातात यायला हवं, याचा विचार करा. नानांची सही हवी असेल तर गोडीचं पत्र लागतं. व्याजाचा हक्क सुरू करायचा आणि न्यायालयात उभं राहायचं असेल तर मागणीची नोटीस लागते. तुम्हाला दोन्ही लागतील, पण याच क्रमाने आणि महिन्याच्या आत.

त्या 40,000 रुपयांवर मात्र भिस्त ठेवू नका. अंशतः रक्कम भरल्यानेही मुदत नव्याने सुरू होऊ शकते, पण त्या भरण्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीच्या कागदावर असावी, असं कलम 19 म्हणतं. चेकने दिले असते तर चेकवरची सही कामाला आली असती. फोनवरून टाकलेल्या पैशांना अशी सही कुठून आणणार? ते 40,000 पहिल्या बिलात जमा धरा, म्हणजे त्या बिलाचे 52,000 आणि एकूण 2,34,000 उरतात. «होऊन जाईल भो» हा निरोप व्हॉट्सअॅपवर असेल तर फोन पुसू नका, बदलू नका. पुढे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडून तो दाखवता येतो. पण त्यात ना रक्कम, ना सही. मुदतीचा सगळा भार त्याच्यावर टाकायला मी तयार नाही.

आता पहिलं पत्र. ते दुकानाच्या कागदावर दोन प्रतींत घ्या आणि स्वतः घेऊन जा, मुलाच्या हाती पाठवू नका. मजकूर साधारण असा:

«आदरणीय नाना, सप्रेम नमस्कार. आपल्याकडे 18 फेब्रुवारी, 6 मे आणि 2 सप्टेंबर 2023 च्या बिलांनी एकूण 2,74,000 रुपयांचा माल पोचला. नोव्हेंबर 2024 मध्ये आपले 40,000 रुपये जमा झाले. आजची बाकी 2,34,000 रुपये आहे. मार्चअखेरच्या वह्या जुळवायच्या आहेत, तरी सोबतच्या प्रतीवर बाकी बरोबर असल्याचं लिहून, तारीख घालून सही द्यावी आणि पैसे कोणत्या तारखेला मिळतील तेही लिहावं.»

वहीतली बाकी जुळवायला मागितली की माणसाला अपमान वाटत नाही. मार्चअखेर सगळे एकमेकांकडून सह्या घेतच असतात. सही नानांची स्वतःची हवी, किंवा ज्याला त्यांनी तसा अधिकार दिला आहे त्याची. गोदामावरच्या पोऱ्याने घाईत केलेली सही चालणार नाही. या सहीचा आणखी एक फायदा, जो लोकांच्या लक्षात येत नाही. नोटीस गेली की समोरून वकिलाचं उत्तर येतं: «फोम निकृष्ट होता, खोकी ओली निघाली, माल परत केला होता.» तीन वर्षं कोणी न केलेली तक्रार एका पानात जन्माला येते. बाकी मान्य केल्यावर नानांना हे म्हणणं अवघड जाईल. आधी नोटीस काढली तर ही सही मिळायची वेळ निघून जाते, कारण त्यानंतर नाना वकिलाला विचारल्याशिवाय कशावरच सही करणार नाहीत.

या पत्रात तीन वाक्यं मात्र येऊ देऊ नका: «आपल्या सोयीने द्या», «व्याजाचं काही नाही», आणि «थोडंफार कमी दिलं तरी चालेल». माझ्याकडे एक अशील आला होता, त्याने चार वर्षांत नऊ स्मरणपत्रं पाठवली होती. सगळी इतकी गोड की वाचताना मलाच संकोच वाटला, आणि प्रत्येकात «सवडीने द्या» होतं. पहिल्या तीन वर्षांत त्याने समोरच्याकडून एकही सही घेतली नव्हती. माझ्याकडे यायला त्याला उशीर झाला होता.

नानांनी सही दिली तर बरंच झालं. सहीच्या तारखेपासून तीन वर्षं तिन्ही बिलांना मिळतील आणि लग्नात आहेरही निवांत घेता येईल. त्यांनी लिहिलेली तारीख टळली तर तेव्हा नोटीस काढू. पण 25 जानेवारीपर्यंत सही आली नाही, किंवा नाना «सही कशाला, मी पळून चाललोय का» म्हणाले, तर दुसऱ्याच दिवशी स्वर बदला. «पळून चाललोय का» म्हणणाऱ्याकडे पुन्हा विनंती घेऊन जाण्यात अर्थ नाही.

नोटिशीत नातं नको, सण नको, रागही नको. बिलं, तारखा, जमा रक्कम, बाकी, आणि मग असं लिहा: «ही नोटीस मिळाल्यापासून 10 दिवसांत 2,34,000 रुपये न दिल्यास दिवाणी दावा दाखल केला जाईल, आणि या नोटिशीच्या तारखेपासून रकमेवर व्याजाची मागणी केली जाईल.» शेवटचा भाग गाळू नका. व्याजाचा लेखी करार नसेल आणि लेखी कागदात देण्याची तारीखही ठरलेली नसेल, तर 1978 च्या व्याज कायद्याप्रमाणे व्याज सुरू होतं ते «मी व्याज मागणार» असं लेखी कळवल्यापासून. तीन वर्षांच्या गोड फोनांना व्याजाच्या हिशोबात किंमत नाही. दरही साधारण बँकेतल्या ठेवीच्या व्याजाइतकाच धरा, सावकारी नको.

तुमच्या बिलाखाली बारीक अक्षरात «24 टक्के व्याज आकारले जाईल» असं बहुधा छापलेलं असेल. मुलगा तेच लावा म्हणेल. थांबा. एक तर ते नानांनी मान्य केलं होतं हे तुम्हाला दाखवावं लागेल. दुसरं म्हणजे, 24 टक्क्यांनी आजपर्यंतचं व्याज धरलं तर मागणी सहज साडेतीन लाखांच्या वर जाते. व्यापारी वादाची रक्कम व्याजासह 3 लाखांवर गेली की व्यापारी न्यायालय कायद्याचं कलम 12अ लागू होतं: तातडीचा आदेश मागायचा नसेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीला जाणं सक्तीचं होतं, आणि ते न करता लावलेला दावा फेटाळला जातो. मध्यस्थीचा काळ मुदतीतून वजा होतो हे खरं, पण त्यासाठी अर्ज मुदतीच्या आत व्हायला हवा. तुमचा मामला साधा ठेवायचा तर मूळ रक्कम आणि नोटिशीपासूनचं माफक व्याज एवढंच मागा.

नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. घेण्यास नकार दिला तरी तो शेरा असलेलं पाकीट न फोडता जपून ठेवा. पोलिसांची धमकी नोटिशीत घालू नका. माल घेतला आणि पैसे थकवले एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही. सुरुवातीपासून फसवायचा हेतू असावा लागतो. आणि भाऊबंदकीच्या व्हॉट्सअॅप गटात नानांची बाकी टाकण्याचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो आजच काढून टाका. उलट अब्रूनुकसानीची नोटीस तुम्हाला येईल.

मधेच नाना म्हणाले «चेक घेऊन जा», तर जरूर घ्या, पण तारीख आणि रक्कम तुमच्यासमोर भरून घ्या. चेक परत आला तर तिथे गोडी की कडकपणा हा प्रश्नच उरत नाही. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत चेकच्या रकमेची लेखी मागणी करावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्यांना 15 दिवस, आणि ते उलटल्यावर तक्रारीला तुम्हाला एक महिना. नातं सांभाळत ते 30 दिवस घालवले तर या फौजदारी तक्रारीचा रस्ता बंद व्हायची वेळ येते.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मिळणारी 45 दिवसांत पैशांची हमी आणि बँक दराच्या तिप्पट व्याज तुम्हाला मिळेल, या भ्रमात राहू नका. तुम्ही माल बनवत नाही, आणून विकता. व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळाली तरी त्या तरतुदीचा लाभ मिळत नाही.

नोटिशीचे 10 दिवस संपले की फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वकिलाकडे बसा. निदान पहिल्या बिलाचा दावा 18 तारखेच्या आत दाखल व्हायलाच हवा, मग नाना त्या आठवड्यात कितीही प्रेमाने चहा पाजोत. येताना बिलांच्या प्रती, बँकेचा उतारा, आणि माल पोचल्याची चलनं व ट्रकच्या बिल्ट्या आणा. चलनावर नानांच्या गोदामातल्या कुणाची सही आहे ते आधीच पाहून ठेवा. मे महिन्याच्या चलनावर सही नसेल तर नानांच्या घरी पहिलं पत्र घेऊन जाताना ते चलनही सोबत न्या.