‘सायन्स घेऊन ठेवा, नंतर बदलता येतं’ याबद्दल

‘दहावीला ८४ टक्के. मुलीला मानसशास्त्र करायचंय, घरचे म्हणतात आधी सायन्स घे, नंतर बदलता येतं. पुण्यात हे खरंच जमतं का?’

बारावीनंतर जमतं. अकरावीच्या मध्येच बदलायचं म्हटलं तर फार कठीण.

आमच्या मुलाच्या वेळी एका कॉलेजच्या खिडकीवर ठामपणे सांगितलं, ‘आता सायन्स कन्फर्म करा, महिन्याभरात आर्ट्सला टाकू.’ महिन्याने गेलो तर आर्ट्सची तुकडी भरलेली. जागा असेल तरच शाखाबदल होतो, हे तेव्हा कळलं. लेखी मागितलं की ‘साहेब रजेवर आहेत’. तोवर फिजिक्सचं जर्नल निम्मं लिहून झालेलं! तोंडी आश्वासन देणाऱ्याचं काय जातं म्हणा.

मग बारावी सायन्समधूनच केली. बी.ए.ला सायन्सवाले चालतात, पण चांगल्या कॉलेजात प्रवेश बारावीच्या गुणांवर. आवड नसलेल्या विषयांत ते घसरले आणि जिथे जायचं होतं तिथली यादी हुकली. घरचे म्हणतात तसं ‘दार उघडं’ राहतं खरं, पण आत जायला गुण लागतात.

आता टक्क्यांबद्दल, कारण आमच्या सासऱ्यांचा सगळा आग्रह त्यावरच होता. दहावीचे टक्के सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांचे असतात. आमच्याकडे मराठी ८६, संस्कृत ९४, इंग्रजी ८४, सामाजिक शास्त्रं ९०, विज्ञान ७६ आणि गणित ६१. गणित गळलं, बाकीचे ४३०, म्हणजे ८६ टक्के. सगळे खूश. पण गणित-विज्ञान मिळून २०० पैकी १३७, म्हणजे ६८.५ टक्केच. त्यातही प्रत्येकी २० गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे, ते बहुधा सढळ हाताने मिळतात. तुमच्या ८४ चीही अशी फोड करा. मुलीचे पूर्वपरीक्षेचे पेपर काढा आणि गणितात कुठे अडते ते घरच्यांसमोर ठेवा. आमच्याकडे वाद घालून जे झालं नव्हतं ते त्या कागदांनी बऱ्यापैकी झालं, फक्त उशिरा.

गणित-विज्ञान खरंच चांगलं असेल आणि तिला मनापासून नको नसेल, तर सायन्स घेऊ द्या, माझा विरोध नाही. मी समुपदेशक नाही, एका घरचा अनुभव सांगतेय. नियमही दरवर्षी थोडे हलतात, माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

ऑनलाइन फॉर्म भरताना एक मात्र सांभाळा. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून ‘बघू तरी लागतंय का’ म्हणून घरच्यांच्या समाधानासाठी सायन्स पहिल्या क्रमांकावर टाकू नका. आणि आर्ट्स ठरलं तर त्या कॉलेजात अकरावीला मानसशास्त्र शिकवतात का, हे आधी विचारा. सगळीकडे नसतं.