फुकटचे शंभर शेअर आणि बाईंची झोप

‘माझ्याकडे एचडीएफसी बँकेचे शंभर शेअर होते, आता डीमॅटमध्ये दोनशे दिसतात. शेजारचे म्हणतात, पन्नास हजारांवरची भेट करपात्र असते आणि हे तर लाखाच्या घरातलं फुकट आलेलं आहे. नोकरीत असताना बोनसवर कर कापला जायचाच. मग आता मी किती भरायचा?’

विचारणाऱ्या बाई सांगलीच्या, निवृत्त शिक्षिका. सोबत पासबुकापासून डीमॅटच्या उताऱ्यापर्यंत सगळे कागद तारीखवार लावलेली फाइल. मी म्हटलं, ‘बाई, आज एक पैसाही नाही. आधी २५ ऑगस्ट २०२५ चा भाव बघा आणि मग २६ तारखेचा.’

बँकेने एकास एक बोनस दिला होता, तिच्या इतिहासातला पहिलाच. आदल्या दिवशी साधारण १,९६० च्या आसपास असलेला शेअर २६ तारखेला ९७५ च्या आगेमागे आला. बाईंचे शंभर शेअर आधी १,९६,००० चे होते आणि नंतरचे दोनशेही जवळपास तेवढ्याचेच. बँकेने आपल्या राखीव निधीतली रक्कम वहीत भागभांडवलाच्या खात्यावर ओढली, एवढंच. बँकेतून बाहेर काही गेलं नाही, त्यामुळे बाईंच्या घरात आलंही नाही. भाकरीचे दोनाऐवजी चार तुकडे केले, पीठ तेवढंच. पगारातला बोनस मालकाच्या खिशातून येतो, म्हणून त्यावर कर.

भेटीचा नियमही इथे लागत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने एका प्रकरणात हेच मांडलं आहे: बोनसमुळे जुन्या शेअरची किंमत तितकीच उतरते, तेव्हा काही ‘मोबदल्याविना मिळालं’ असं म्हणता येत नाही. हे इक्विटी शेअरधारकांना मिळणाऱ्या बोनसबद्दल. प्रेफरन्स शेअर असणाऱ्यांना बोनस मिळाला तर कायदा तो डिव्हिडंड धरतो, पण बाईंकडे तसं काही नव्हतं.

गंमत म्हणजे, ज्यावर खरोखर कर होता त्याबद्दल बाईंनी विचारलंच नव्हतं. जुलै २०२५ मध्ये बँकेने शेअरमागे पाच रुपये विशेष डिव्हिडंड जाहीर केला होता. शंभर शेअरांचे पाचशे रुपये पासबुकात जमा होते. ते उत्पन्न. रक्कम लहान म्हणून टीडीएस कापला नव्हता, पण विवरणपत्रात दाखवावेच लागतात.

मग खरा प्रश्न आला: घराच्या गच्चीच्या कामासाठी यातले शंभर विकायचे होते. कर लागतो तो विक्रीच्या वेळी, आणि तिथे बोनस आणि स्प्लिट यांचे हिशेब वेगळे.

बाईंची मूळ खरेदी जुलै २०१८ ची, ५० शेअर २,१०० रुपयांनी, म्हणजे १,०५,००० रुपये. सप्टेंबर २०१९ मध्ये स्प्लिट झाला, दोन रुपये दर्शनी किमतीचा शेअर एक रुपयाचा झाला आणि ५० चे १०० झाले. स्प्लिटमध्ये जुना खर्च नव्या शेअरांत वाटला जातो, म्हणून प्रत्येकी १,०५०, आणि तारीख २०१८ चीच राहते. बोनसचं उलट: खर्च शून्य आणि तारीख वाटपाची, ऑगस्ट २०२५.

आता हजार रुपये भाव धरून शंभर विकले तर? डीमॅटमध्ये आधी आलेले आधी गेले असं मानतात. म्हणजे १,०५० खर्चाचे जुने शंभर जातील आणि दीर्घकालीन तोटा ५,००० होईल. बाईंच्या अ‍ॅपवर मात्र सरासरी ५२५ दिसत होती आणि हिरव्या अक्षरांत नफा. त्या आकड्याला करासाठी काही अर्थ नाही. ब्रोकरचा भांडवली नफ्याचा अहवाल काढून प्रत्येक ओळीची खरेदीची तारीख आणि किंमत पाहावी. स्प्लिटनंतरच्या शेअरपुढे २,१०० छापलं असेल तर तोटा फुगलेला आहे. बोनसच्या शेअरपुढे २०१८ असेल तर कर कमी दिसतो आहे.

उरलेले शंभर बोनसचे. तेही लगेच हजाराने विकले, तर खर्च शून्य असल्याने पूर्ण एक लाख अल्पकालीन नफा, त्यावर २० टक्के आणि वर उपकर. वाटपापासून १२ महिने उलटल्यावर विकले, तर तोच नफा दीर्घकालीन होतो आणि वर्षाला १,२५,००० पर्यंत कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के. बाईंना दुसरा असा नफा नसल्याने कर शून्य.

बाईंनी जुने शंभर विकायचं ठरवलं आणि बोनसचे सप्टेंबर २०२६ पर्यंत हात न लावता ठेवायचे. पाच हजारांचा तोटा पुढची आठ वर्षं दीर्घकालीन नफ्यातून वजा करता येतो, मात्र विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. दरवर्षी त्या आयटीआर-१ भरतात. हा तोटा पुढे न्यायचा तर आयटीआर-२ लागेल, हे मी त्यांच्या फाइलवर पेन्सिलीने लिहून दिलं.