फोटोतली कोळंबी टायगर की व्हॅनामेई?

प्रश्न: नाशिकमधल्या मासेवाल्याने 'टायगर' म्हणून हा फोटो पाठवलाय, पण कोळंबी पांढरट दिसते. टायगरच आहे ना?

ही टायगर नाही, तळ्यात वाढवलेली व्हॅनामेई आहे. टायगरच्या पाठीवर गडद-फिके आडवे पट्टे असतात; ताजेपणा गेला तरी ते पुसट दिसतात. तुमच्या फोटोत अंग एकसारखं फिकं, अर्धपारदर्शक आहे आणि पायही पांढरट. समुद्रातली पांढरी कोळंबीही अशीच दिसते, म्हणून डोक्यावरचा काटा मोठा करून बघा. व्हॅनामेईचा काटा आखूड, खालच्या कडेला साधारण दोनच दाते. समुद्रातल्या पांढरीचा लांब, किंचित नागमोडी, खाली चार ते सहा दाते. तुमच्या फोटोत आखूड काटा आणि दोन दाते स्पष्ट आहेत. मी कोळंबीच्या वर्गवारीचं काम करतो, तिथे हीच खूण आधी बघतात.

गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी मात्र अंगाच्या वळणावरूनच कळते. तिची पाठ मध्येच कोपरासारखी वाकते, आणि डोक्यामागून मोजलं तर दुसऱ्या कड्याचं कवच पहिल्या-तिसऱ्या दोन्ही कड्यांवर चढलेलं असतं. टायगर-व्हॅनामेईत ते पुढच्या बाजूने पहिल्याखाली जातं.

हे डोक्यासकट, कच्च्या कोळंबीलाच लागू. सोललेली असेल तर फोटोवरून सांगता येणार नाही, आणि पिवळ्या बल्बखालचा रंग तर धरूच नका.