सांत्वनपत्रात श्रद्धांजली नेमकी कोणाला?

प्रश्न: आमचे अकाउंट्सचे सीनियर गेले, त्यांच्या मिसेसना पत्र द्यायचंय, शब्द आणि शुद्धलेखन बघाल का? "सौ. वहिनींस, स.न.वि.वि. साहेब एक्सपायर झाल्याचे कळले. मी नवीन असताना साहेबानी शेजारी बसून ताळेबंद जुळवायला शिकवले, त्याची उणीव भासेल. आपणास व कुटुंबियांस भावपूर्ण श्रध्दांजली."

सगळ्यात आधी शेवटचं वाक्य बदला. श्रद्धांजली गेलेल्या माणसाला वाहतात, घरच्यांचं आपण सांत्वन करतो किंवा त्यांच्या दुःखात सहभागी होतो. "आपणास श्रद्धांजली" म्हणजे जिवंत माणसांनाच वाहिल्यासारखं होतं, आणि घाईत हे भल्याभल्यांकडून होतं म्हणून दोन वाक्यं वेगळीच ठेवा. स्पेलिंग श्रद्धांजली, आधी द मग ध, फोनवर द, हलन्त, ध असं टाइप केलं की बरोबर उमटतं.

दुसरं अनुस्वाराचं, आणि ही मला नुसती शुद्धलेखनाची चूक वाटत नाही. "साहेबानी", "त्याची" यात टिंब गेलं की आदरही गेला, कारण मराठीत आदरार्थी अनेकवचन बऱ्याचदा त्या एका टिंबावरच उभं असतं. साहेबांनी, त्यांची, त्यांना, असं एकेक शब्दावर बोट ठेवून तपासा. "कुटुंबियांस" मधला बि मात्र दीर्घ हवा, कुटुंबीय, राष्ट्रीय भारतीय सारखाच.

"सौ." तर काढाच. सौभाग्यवतीचं ते रूप, नवरा गेल्याच्या आठवड्यात पाकिटावर बघून काय वाटेल त्यांना. त्याजागी लगेच "श्रीमती"ही नको, सरकारी कागदात ते सगळ्याच बायकांना लावतात पण आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत ते विधवेसाठीच वाचलं जातं. तुम्ही वहिनी म्हणता ना, मग आदरणीय वहिनी पुरे. "एक्सपायर" बोलताना चालून जातं, लिहिताना निधन. आणि "स.न.वि.वि." हा रोजच्या पत्रांचा मायना, इथे सप्रेम नमस्कार पूर्ण लिहा.

ताळेबंदाची आठवण अजिबात गाळू नका, पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच आहे. मी असं लिहीन:

"आदरणीय वहिनी,
सप्रेम नमस्कार.
साहेबांच्या निधनाची बातमी कळली, फार दुःख झाले. मी नवीन असताना साहेबांनी शेजारी बसून ताळेबंद जुळवायला शिकवले. त्यांची उणीव आम्हा सगळ्यांना भासेल. आपल्या व सर्व कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. साहेबांना भावपूर्ण श्रद्धांजली."

खाली "कळावे, लोभ असावा" नको, पूर्ण नाव आणि त्याखाली "अकाउंट्स विभाग" एवढं लिहा, म्हणजे वहिनी तुम्हाला कधी भेटल्या नसल्या तरी पत्र कोणाचं ते त्यांना कळेल.